रिकामा तक्ता

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी प्रकल्पाचं शीर्षक घेऊन आली होती: ‘प्राथमिक विद्यार्थ्यांच्या गणितातील अडचणींची कारणे व उपाय’. मी तिला विचारलं, “तुझ्या हाताशी काय आहे?” गावातली जिल्हा परिषदेची एक शाळा, तिथली चौथीची चोवीस मुलं आणि सहा आठवडे. त्या शीर्षकाला एवढ्यानं उत्तर मिळणार नव्हतं, पण ते मी लगेच बोललो नाही. “त्या वर्गात बसल्यावर तुला काय खटकलं, ते सांग,” एवढंच म्हणालो.

ती म्हणाली, “सर, हातच्याची वजाबाकी जमते त्यांना. पण मध्ये शून्य आलं की गडबड होते.”

प्रश्न इथं होता, शीर्षकात नव्हता. पहिल्यांदा संशोधन करणारी मुलं स्वतः पाहिलेली गोष्ट बाजूला ठेवतात आणि ग्रंथालयातल्या जुन्या प्रबंधांसारखं भारदस्त काहीतरी लिहितात. मी फळ्यावर ५०३ – १४७ मांडलं आणि मुलं काय उत्तरं देतात ते विचारलं. तिला तीन उत्तरं आठवली: ४४४, ४५६, ३०६. बरोबर उत्तर ३५६.

आम्ही एकेक उत्तर उलगडलं. ४४४ लिहिणारं मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं. हातचा घेतच नाही. ४५६ लिहिणारं मूल शून्याचे नऊ करतं, पण शतकातला एक कमी करायला विसरतं. ३०६ वाल्यानं शून्य ओलांडून थेट पाचातून हातचा आणलेला दिसतो आणि शून्यातून चार जात नाहीत म्हणून तिथं शून्यच ठेवलेलं. ब्राउन आणि बर्टन यांनी १९७८ मध्ये अशा चुकांवर लिहिलं होतं. वजाबाकीतल्या कितीतरी चुका निष्काळजीपणाच्या नसतात. मूल एक चुकीचा नियम इमानानं पाळत असतं.

मग प्रश्न असा झाला: ‘या शाळेतील इयत्ता चौथीची मुले दशकस्थानी शून्य असलेल्या तीन अंकी वजाबाकीत कोणत्या प्रकारच्या चुका करतात?’ ‘या शाळेतील’ हे शब्द तिला कमीपणाचे वाटत होते. मी ते ठेवायलाच लावले, कारण चोवीस मुलांवरून महाराष्ट्रातल्या चौथीबद्दल बोलता येत नाही.

उद्दिष्टं तिनं सात लिहून आणली. तिथं मी माझी नेहमीची गोष्ट करायला सांगितली: एकही मूल तपासण्याआधी प्रत्येक उद्दिष्टासाठी निकालाचा रिकामा तक्ता आखायचा. ‘चुकांचे वर्गीकरण करणे’ याचा तक्ता लगेच झाला. आडव्या ओळींत मुलं, उभ्या स्तंभांत चुकांचे प्रकार आणि शेवटी ‘इतर’. ‘चाचणी तयार करणे’ याला तक्ताच नव्हता, कारण ते काम आहे, उद्दिष्ट नाही. ‘गणिताची गोडी लावणे’ खोडलं. ‘कारणे शोधणे’ यापाशी ती बराच वेळ पेन्सिल धरून बसली. उत्तरपत्रिकेवर चूक दिसते. ती शिकवण्यामुळे झाली, गैरहजेरीमुळे की आणखी कशामुळे, हे दिसत नाही. तो स्तंभ भरायला तिच्याकडे काहीच नव्हतं. त्याऐवजी ‘निवडक सहा मुलांनी तोंडी सांगितलेली सोडवण्याची रीत नोंदवणे’ आलं. तेवढं तिला खरंच करता येणार होतं.

तुलनेचं उद्दिष्ट मात्र तक्त्यानंच सुधारलं. ‘शून्य असलेली उदाहरणे’ आणि ‘शून्य नसलेली उदाहरणे’ असे दोन स्तंभ तिनं आखले आणि दुसऱ्याखाली ५६३ – १४७ लिहिलं. यात एकदाच हातचा घ्यावा लागतो, ५०३ – १४७ मध्ये दोनदा. फरक दिसला असता, तर तो शून्यामुळे की दुसऱ्या हातच्यामुळे, हे कळलं नसतं. आम्ही ५२३ – १४७ घेतलं. तिथंही हातचा दोनदा येतो. प्रत्येक प्रकारची चार उदाहरणं ठरली, आणि एकच चूक चारांपैकी तिनात आली तरच ती त्या मुलाची ठरलेली रीत मानायची, हेही आधीच लिहून ठेवलं. उत्तरं पाहिल्यावर असे नियम ठरवले, तर हवा तो निष्कर्ष निघेपर्यंत नियम हलत राहतो.

शेवटी तीन उद्दिष्टं उरली: वर्गीकरण करणे, तुलना करणे, रीत नोंदवणे.

चाचणी झाल्यावर ती तक्ता घेऊन आली. ‘इतर’मध्ये दोन मुलांपुढे ६५० होतं. दोघांनी सरळ बेरीज केली होती, आणि शून्य असलेल्या चारही उदाहरणांत. शून्य नसलेली वजाबाकी दोघांचीही बरोबर होती.

“सर, यासाठी प्रश्न बदलावा लागेल का?”

प्रश्न ‘कोणत्या प्रकारच्या चुका’ असाच होता. तिनं पट्टी घेतली आणि ‘इतर’च्या आधी एक नवा स्तंभ आखला. तोंडी विचारायच्या सहा मुलांत ही दोघं पहिली घेतली.