परिचय वाचण्याआधी

कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यांत दुर्लक्षित ओळ कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी ‘पाहुण्यांचा परिचय’ असं सांगेन. स्वागतगीताच्या तालमी होतात, समईतल्या वातींची काळजी घेतली जाते, शाल आणि श्रीफळ दोनदा मोजलं जातं. परिचय मात्र आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर येतो आणि ज्याचा आवाज बरा त्याच्या हातात जातो. आमच्या मंडळात गेल्या दोन वर्षांपासून तो माझ्या हातात येतो.

यंदा २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनासाठी, आम्ही एका ज्येष्ठ अनुवादिका आणि निवृत्त प्राध्यापिकेला बोलावलं होतं. त्यांचं नाव इथे घेत नाही, बाई म्हणते. त्यांचा परिचय माझ्याकडे तीन रूपांत आला: त्यांच्या एका पुस्तकाच्या मलपृष्ठाचा फोटो, एक जुना इंग्रजी बायोडेटा, आणि कुठल्याशा जुन्या कार्यक्रमात वाचलेला, फॉरवर्ड होत होत आलेला मजकूर. तिन्ही एकत्र करून छान तीन मिनिटं वाच, असं मला सांगण्यात आलं.

एकत्र करण्याआधी मी तो मजकूर सुटा केला. प्रत्येक वाक्यात किती विधानं आहेत ते मोजलं आणि वहीत एकाखाली एक लिहिली. ‘साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त आणि बारा पुस्तकांच्या लेखिका’ हे ऐकायला एक वाक्य वाटतं, पण त्यात दोन वेगळी विधानं आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी तपासावी लागतात. अशी सतरा विधानं निघाली. समोर तीन रकाने केले: हे कुठून आलं, कशावरून खरं, आणि मी नक्की काय वाचणार.

पहिल्या रकान्यातच एक गोष्ट लक्षात आली. पुरस्काराचा उल्लेख दोन ठिकाणी होता, म्हणजे दोन पुरावे, असं वाटलं असतं. पण इंग्रजी बायोडेटात आणि मलपृष्ठावर तो नव्हताच. तो होता फक्त फॉरवर्ड मजकुरात आणि एका निमंत्रणपत्रिकेत, आणि दोन्हीकडे शब्द न् शब्द सारखा, त्याच जागी तोच चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ. एकाने दुसऱ्याचं उतरवलेलं असेल तर ते दोन साक्षीदार होत नाहीत. एकच साक्षीदार दोनदा बोलतो.

साहित्य अकादमीचे पुरस्कार तपासणं अवघड नाही. अकादमीच्या संकेतस्थळावर भाषेनुसार आणि वर्षानुसार याद्या आहेत. फक्त एकच यादी बघून भागत नाही, कारण मुख्य पुरस्कार वेगळा, अनुवाद पुरस्कार वेगळा, बाल साहित्य आणि युवा पुरस्कारही वेगळे. स्टेजवर सगळ्यांचं मिळून ‘अकादमी पुरस्कार’ होतं. शिवाय हे पुरस्कार बहुतेक वेळा ठरावीक पुस्तकाला मिळतात, म्हणून पुस्तकाचं नाव विचारलं की खरं-खोटं लवकर कळतं. मी मराठीच्या चारही याद्या पाहिल्या. बाईंचं नाव एकीतही नव्हतं.

साहित्य संमेलनाचंही असंच होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० साली उस्मानाबादला झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आपल्या बेळगावात २००० साली झालेल्या संमेलनाचे अध्यक्ष य. दि. फडके होते. क्रमांक, साल, गाव, अध्यक्ष यांची जोडी पक्की असते, हवी तेव्हा पडताळता येते. पण परिचयात नुसतं ‘साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा’ असं आलं, तर ते संमेलन तालुक्याचं असू शकतं, किंवा मोठ्या संमेलनातल्या एका परिसंवादाचं अध्यक्षपद असू शकतं. दोन्ही मानाचीच. म्हणून तर जे असेल ते नेमकं वाचावं. क्रमांक आणि गाव सापडेना, की प्रश्न विचारायची वेळ झाली असं मी समजते.

प्रश्न कसा विचारायचा, यातही एक गोम आहे. पूर्ण परिचय पाठवून ‘बाई, एकदा नजर टाकाल का?’ असं विचारलं की उत्तरात अंगठा येतो. स्वतःचा परिचय चौदाव्यांदा वाचायचा कंटाळा कुणालाही येणारच. म्हणून मी सतरांपैकी जिथे तिसरा रकाना रिकामा राहिला होता तेवढेच पाच प्रश्न निवडले, क्रमांक घातले, आणि मेसेज न करता वेळ विचारून फोन केला.

पहिला प्रश्न पुरस्काराचा. बाई हसल्या. “अगं, पुरस्कार कसला! अकादमीची ‘भारतीय साहित्याचे निर्माते’ म्हणून माला आहे ना, त्यातल्या एका पुस्तिकेचा अनुवाद मी केलाय. ‘अकादमीने प्रकाशित’चं कुणीतरी ‘अकादमीने पुरस्कृत’ केलं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “एका ठिकाणी तसं वाचलं होतं. भर सभेत उठून ‘मला मिळालेला नाही’ असं कसं म्हणणार? गप्प बसले. नंतर चहाच्या वेळी कुणीतरी मागे बोललं, की बाईंनीच लिहून दिलं असणार.”

हे मला फार लागलं. परिचय वाचणाऱ्याचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. त्यात खोटं असेल तर ते पाहुण्यांच्या खात्यावर जमा होतं, आणि खुलासा करायची सोयही त्यांना नसते.

दुसरा प्रश्न त्या ‘बारा पुस्तकां’चा. उत्तर आलं: सहा अनुवाद, दोन स्वतःची, चार संपादित. आम्ही वाचलं ते ‘लेखन, अनुवाद आणि संपादन मिळून बारा पुस्तकं’ असं.

तिसरा प्रश्न भाषेचा होता. इंग्रजी बायोडेटात त्या विद्यापीठात ‘रीडर इन मराठी’ होत्या आणि फॉरवर्ड मजकुरात त्याचं ‘मराठीच्या जाणकार वाचक’ झालं होतं. रीडर हे विद्यापीठातलं पद, मराठीत प्रपाठक. पुढे या पदाला सहयोगी प्राध्यापक म्हणू लागले. आपण दोन भाषांत वावरणारी मुलं अशा जागी जास्त सावध हवीत, कारण वाक्य मराठीत नीट बसतं आणि म्हणूनच शंका येत नाही.

चौथा प्रश्न जन्मगावाचा. मजकुरात ‘जन्म १९५२, जिल्हा बेळगाव, कर्नाटक’ होतं. त्या साली बेळगाव मुंबई राज्यात होतं. १९५६ मध्ये ते म्हैसूर राज्यात गेलं आणि त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं १९७३ मध्ये. राज्याचं नाव घेतलं की आपल्याकडे सभेचा विषय बदलतो, हेही खरंच. बाई म्हणाल्या, “खानापूर तालुका म्हण, पुरे.” गावाचं नाव मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, कारण त्यात ‘च’ आहे. तो ‘चमचा’तला की ‘चंद्र’मधला, हे देवनागरी सांगत नाही. आमच्या आडनावांचं स्टेजवर काय काय होतं ते लहानपणापासून ऐकत आलेय, त्यामुळे एवढी चौकशी मला जास्तीची वाटत नाही.

पाचवा प्रश्न मी खूण करून ठेवला होता तो एका वर्तमानकाळामुळे: ‘पतीसमवेत त्या गावात वाचनालय चालवतात.’ परिचयातली ‘सध्या’, ‘नुकतेच’, ‘गेली वीस वर्षे’, ‘चालवतात’ ही दुधासारखी नासणारी माणसं. मजकूर कधी लिहिला ते माहीत नसेल, तर ‘गेली वीस वर्षे’ म्हणजे किती? जमेल तिथे मी साल घालते: ‘२००३ पासून’. ते कधीच शिळं होत नाही. वाचनालयाचं विचारलं तेव्हा पलीकडे जरा शांतता झाली. “हे गेले गं, ऑगस्टमध्ये. पण त्यांचं नाव घे. दोघांनी मिळून सुरू केलं म्हण.” मी तसं लिहिलं. मेसेजवर विचारलं असतं तर हे असं सांगता आलं असतं का, कोण जाणे.

मजकूर तीनशे शब्दांचा झाला. मी मिनिटाला साधारण शंभर वाचते, म्हणजे तीन मिनिटं. तो चार परिच्छेदांत ठेवला, प्रत्येक परिच्छेद स्वतःच्या पायावर उभा राहील असा. ‘त्याचप्रमाणे’, ‘वर सांगितल्याप्रमाणे’ असे दुवे नाहीत, आणि एका कागदावर दोनच परिच्छेद, मोठ्या टाइपात. याचा उपयोग कार्यक्रमाच्या दिवशी झाला.

अकराचा कार्यक्रम. पावणेअकराला मंडळातला एक जण धावत आला आणि चिठ्ठी दिली: ‘बाईंना नुकताच राज्य पुरस्कार जाहीर, हेही वाच.’ कुणी सांगितलं? ग्रुपवर आलंय. कुठलं राज्य, कुठलं पुस्तक? माहीत नाही. अशा वेळी माझा एक साधा नियम आहे: काढायला पुरावा लागत नाही, घालायला लागतो. वाक्य काढलं तर परिचय थोडा आखूड होतो, एवढंच. न तपासलेलं घातलं तर मघाचीच चहाची वेळ पुन्हा येते. बाई आल्या तशी मी चिठ्ठी दाखवली. “ती दुसरी. माझ्याच नावाची, आडनावही तेच. पुण्याची. आम्हां दोघींचे हारतुरे बदलतात नेहमी.” चिठ्ठी खिशात गेली.

मग बाईंनीच माझ्या हातातला कागद पाहिला आणि हळूच म्हणाल्या, “ते वाचनालयाचं आज राहू दे. भाषणात मीच बोलणार आहे त्यांच्याबद्दल. तू आधी बोललीस तर मला जमायचं नाही.”

चौथा परिच्छेद पूर्ण खोडला. तिसऱ्याच्या शेवटाला काही करावं लागलं नाही, तो आपोआप शेवट झाला. कागदावर वर ‘प्रत ३, १०:५०’ असं लिहिलं आणि आधीच्या प्रती फाडून टाकल्या, कारण माइकसमोर दोन कागद हाताला लागले की नेमका जुना उघडतो. पण तेवढ्यावर काम संपत नाही. परिचयातला मजकूर आणखी दोन ठिकाणी जिवंत असतो: पडद्यावरच्या स्लाइडमध्ये आणि आभार मानणाऱ्याच्या टिपणात. स्लाइडवर वाचनालयाचा फोटो होता, तो काढायला लावला. आभारवाल्याला गाठून त्याच्या कागदावरची ‘पतीसमवेत’ची ओळ माझ्याच पेनने खोडली.

बाई चाळीस मिनिटं बोलल्या. वाचनालयाची गोष्ट त्यांनी मध्यावर सांगितली, कपाट सुताराकडून कसं उधारीवर घेतलं तिथून सुरुवात करून. सभागृहात ती कुणीही आधी ऐकलेली नव्हती.

ते तीन रकान्यांचं पान आता मंडळाच्या फाइलमध्ये आहे. पुढच्या पाहुण्यांचा परिचय ज्याच्याकडे येईल त्याने तिसरा रकाना आधी बघावा, आणि तो रिकामा असेल तिथे फोन करावा.