चौऱ्याऐंशी शब्द आणि सत्त्याऐंशी ओळी

आपल्या उटनूरकडच्या जमिनीच्या कागदांतले शब्द मी गेली काही वर्षं जमवतोय. 1956 पर्यंत आपण हैदराबाद राज्यात, त्यामुळे जुने कागद उर्दूत, पुढचे तेलुगूत, आणि घरात बोलायची मराठी. पहाणी, सेतवार, पोरंबोक हे शब्द तोंडात असतात, पण नेमका अर्थ विचारला की पोरं गप्प होतात. बँकेत असताना पीककर्जासाठी हेच कागद रोज हातात यायचे, म्हणून म्हटलं लिहून ठेवावं.

लिहिलं मात्र अडाण्यासारखं. वर्डमध्ये एकापुढे एक, सलग, टायपत गेलो. शब्द, मग डॅश, मग अर्थ, मग अर्धविराम, की लगेच पुढचा शब्द. असं:

```
शिवाय-जमाबंदी - सरकारी जमीन कसणाऱ्याकडून दरवर्षी घेतलेला सारा; या पावतीने मालकी येत नाही; सेतवार – सर्व्हे नंबर, क्षेत्र व सारा यांचे रजिस्टर
```

दिवाळीला पुतण्या आला. म्हणाला, "काका, ह्यात कोण काय शोधणार? दोन रकाने करू, अकारविल्हे लावू." रीत सोपी आहे. आधी फाईलची प्रत काढायची. Find and Replace उघडून ` - ` च्या जागी `^t` (म्हणजे टॅब) आणि `; ` च्या जागी `^p` (म्हणजे नवी ओळ) घालायची. मग सगळं निवडून Insert, Table, Convert Text to Table, तिथे Tabs निवडून दोन रकाने. शेवटी Sort. डॅशच्या दोन्ही बाजूंची जागा शोधात घ्यायचीच, नाहीतर शिवाय-जमाबंदीतला जोडही तुटतो आणि तिसरा रकाना उगवतो.

पाच मिनिटांत तक्ता झाला. छान दिसला. छापायला द्यायचं ठरत होतं, पण बँकेची सवय, टॅली केल्याशिवाय झोप येत नाही. वहीत शब्द मोजलेले होते, 84. तक्त्यात ओळी 87.

पुतण्या म्हणाला, "तीन जास्तीच आलेत, कमी तर नाही ना?" मी म्हटलं, "बाबा, कॅश जास्त निघाली तरी ती चूकच असते."

तक्ता दुसऱ्या रकान्यावर Sort केला. अर्थ नसलेल्या ओळी एका टोकाला गोळा झाल्या, आठ निघाल्या. त्यांतल्या पाचांत शब्द आणि अर्थ पहिल्याच रकान्यात चिकटून बसलेले. कारण सापडलं. टायपताना वर्ड काही ठिकाणी आपणहून लहान डॅशचा लांब डॅश करतो. वरच्या नमुन्यात सेतवारपुढे बघा. शोध लहान डॅशचा होता, म्हणून हे निसटले. पण त्याने ओळी वाढत नाहीत.

उरलेल्या तीन ओळी खऱ्या गुन्हेगार. तिथे अर्थाच्या आतच मी अर्धविराम दिला होता, आणि अर्थाचा मागचा तुकडा स्वतंत्र "शब्द" होऊन बसला. "या पावतीने मालकी येत नाही" ही ओळ अकारविल्हे लावल्यावर 'य'मध्ये गेली, आणि शिवाय-जमाबंदी राहिली 'श'मध्ये, निम्म्या अर्थासह.

ह्याने मला घाम फुटला. कारण ही माणसं मी पाहिलीत. वीस-वीस वर्षांच्या सारा भरल्याच्या पावत्या फडक्यात बांधून एक म्हातारबा माझ्या टेबलाशी आले होते. "साहेब, सरकार माझ्याकडून पैसे घेतं, म्हणजे रान माझंच ना?" सारा घेतला म्हणून पट्टा होत नाही, हे त्यांना सांगताना माझी जीभ जड झाली होती. त्यांचा नातू उद्या माझा तक्ता उघडेल, तर त्याला नेमकं हेच वाक्य दिसलं नसतं.

मग मूळ प्रतीवरून पुन्हा सुरुवात केली. आधी अर्थातले तीन अर्धविराम हाताने स्वल्पविराम केले. `^=` शोधून सगळे लांब डॅश लहान केले. त्यानंतरच वरची रीत. Sort करण्याआधी ओळी मोजल्या, 84. दुसरा रकाना कुठे रिकामा नाही. मग वर "शब्द" आणि "अर्थ" असं शीर्षक घातलं, Sort मध्ये Header row वर खूण केली, नाहीतर तेही 'श'मध्ये जाऊन बसतं. क्रम लावायचा तो सगळ्यात शेवटी. सलग मजकुरात तुटलेला तुकडा निदान शेजारी तरी असतो, एकदा क्रम लागला की तो कुठल्या कुठे जातो.

मशीनला न कळलेली एक गोष्ट राहिली. 'पहाणी' आणि 'पाहणी' मी दोन्ही लिहून ठेवले होते. एकच शब्द, पण काना मध्ये आला म्हणून दोन्ही लांब पडले. ते डोळ्यांनीच वाचून जुळवले. म्हणजे आता शब्द 83.

तुमच्या घरच्या कागदांत वेगळे शब्द असतील तर खाली लिहा. एका ओळीत एकच शब्द लिहा, मंडळी.