कांद्याची मान

चाकणच्या बाजारात चाळीस वर्षं कांदा विकला. आता कांदा टिकवायचा कसा, हे सांगायचे पैसे घेतो. निम्मं रान कारखानदारीत गेलं, उरलेल्या दीड एकरात घर चालंना. सुरवातीला बोलावणारे शाल-नारळ द्यायचे. शालीनं दुकानदाराची उधारी फिटत नाही, म्हणून आता गाडीखर्च आणि दिवसाची मजुरी आधीच सांगतो.

राजगुरुनगरला १९९८ पासून कांदा-लसणाचं संशोधन केंद्र आहे. तिथं शिकाऊ म्हणून बाकावर बसलो, तेव्हा माझ्या हाताला जे कळायचं त्याची कारणं सापडली. कारण ठाऊक नसेल तर दुसऱ्याला शिकवता येत नाही.

परवाच्या जूनमध्ये एक पोरगा आला. कंपनीत पाळीनं कामाला, वडिलांची दोन एकर. म्हणाला, "आण्णा, चाळ तुमच्यासारखीच बांधली, तरी कांदा सडतोय."

जाऊन पाहिलं. चाळीचा तळ जमिनीपासून दीड फूट वर, बाजूंना फटी, ढीग चार फुटांचा. चाळीत खोट नव्हती. मी दहा कांदे उचलले अन् माना चिमटीत धरल्या. सहा माना जाड, ओलसर. विचारलं, "युरिया शेवटचा कधी टाकला?"

"काढणीच्या महिनाभर आधी."

"आणि पाणी?"

"काढायच्या चार दिवस आधी दिलं की."

मग त्याला बसवून सांगितलं. उशिरा नत्र दिलं की पात माजते, मान जाड राहते. जाड मान मिटत नाही, अन् त्या उघड्या दारातून सड आत शिरते. म्हणून लागणीनंतर दोन महिन्यांच्या आत युरिया संपवायचा. निम्म्या माना पडल्या की काढणी, अन् त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडायचं. काढलेला कांदा असा पसरायचा की पुढच्या ओळीच्या पातीनं मागच्या ओळीचा कांदा झाकला जाईल. तीन-चार दिवसांनी इंचभर मान ठेवून पात कापायची आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकवायचं. मगच चाळ. डेंगळे, जोड आणि जाड मानेचे कांदे आधीच बाजूला काढून विकायचे.

"मान किती मिलिमीटर असावी?" त्यानं विचारलं. कंपनीतल्या पोरांना आकडा लागतो. मी म्हटलं, मोज बाबा, पण सुकलेली मान चिमटीत कागदासारखी वाजते, तेही ऐक.

त्याचा तो ढीग काही वाचायचा नव्हता. भिजक्या मानेला चाळीत औषध नाही, आणि खरिपाचा कांदा तर फार दिवस टिकत नाही. सगळा उपसायला लावला. निवडून चांगला निघाला तो त्याच आठवड्यात, मिळेल त्या भावानं विकला. वडील चिडले. पण ठेवला असता तर शेजारचाही नासला असता.

यंदा पोरानं वाफ्यातच माना चाचपल्या आणि फोन करून काढणी आठ दिवस लांबवली. दिवसाची मजुरी मात्र अजून यायचीय.