दहापैकी नऊ

कोपरीतल्या आमच्या घरी आजोबांचा छातीचा एक्स-रे अजून कपाटात आहे. टीबी कधीच बरा झाला, पण फुफ्फुसावर व्रण राहिले. त्यामुळे एक्स-रेवरून टीबी ओळखणाऱ्या मॉडेलचा पेपर उघडला की मी एकूण अचूकता नंतर बघते. आधी शोधते तो तक्ता, ज्यात वयस्कर आणि पूर्वी टीबी झालेले लोक वेगळे मोजलेत.

२०२१ मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये आलेल्या ढाक्याच्या अभ्यासात तो होता. जवळपास २४ हजार माणसं, पाच सॉफ्टवेअर. त्यातलं एक मुंबईच्या कंपनीचं, क्यूएक्सआर. या दोन्ही गटांत पाचही कमी पडली. जुना व्रण मशीनला चालू आजारासारखा दिसतो, मग बऱ्या झालेल्या माणसालाही पुन्हा तपासणीला धाडलं जातं.

पण तक्ता असला म्हणून भागत नाही. समजा, साठीपुढच्या गटात टीबीचे दहाच रुग्ण आहेत आणि मॉडेलने नऊ पकडले. पेपरात छापून येतं ९० टक्के. दहाच माणसं असल्यामुळे खरा आकडा साधारण ६० ते ९८ मध्ये कुठेही असू शकतो. शंभरातले नव्वद पकडले असते, तर ही रेंज ८३ ते ९४ वर आली असती. म्हणून टक्क्यांशेजारी रुग्णसंख्या आणि रेंज नसेल, तर ‘सर्व गटांत समान कामगिरी’ हे वाक्य मी सरळ खोडते. फरक दिसला नाही, इतकंच त्यातून कळतं. दिसण्याइतके रुग्ण तरी होते का, हे पुरवणीत जाऊन मोजावं लागतं.