बाईंचे प्रश्न

सात संस्कार मला शिकवले ते वसईतल्या आमच्या धर्मग्रामातल्या धर्मशिक्षणाच्या बाईंनी. स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तशरीर, प्रायश्चित्त, आजाऱ्यांचा तैलाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह, एवढी यादी कुणालाही पाठ होते. बाई मात्र यादी विचारत नसत. त्या अडचण विचारत.

"बाळ अखेरच्या घटका मोजतंय, फादर यायला वेळ आहे. बाप्तिस्मा कोण देईल?"

आम्ही बिशपांपासून आजीपर्यंत सगळ्यांची नावं घ्यायचो. मग बाई सांगत, "अरे, कुणीही देईल. शेजारची हिंदू सुईणसुद्धा. पाणी हवं, 'पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने' हे शब्द हवेत, आणि चर्च जे करतं तेच करायचं मनात हवं."

"पुन्हा कधीच घेता येत नाहीत असे संस्कार कोणते?"

स्नानसंस्कार, दृढीकरण आणि गुरुदीक्षा. त्यांचा ठसा आत्म्यावरून पुसला जात नाही, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. पापनिवेदन मात्र कितीही वेळा करता येतं, आणि तैलाभ्यंग आजार पुन्हा बळावला तर पुन्हा घेता येतो.

या दोन उत्तरांची किंमत मला माझ्या लग्नात कळली. मुलगी अहमदनगरच्या प्रोटेस्टंट घरातली, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत वाढलेली. "तिला आधी आपल्यात बाप्तिस्मा द्यावा लागेल," असं आमच्याकडची वडीलधारी ठामपणे सांगत होती. बाई तेव्हा थकल्या होत्या, तरी मला बोलावून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पाणी होतं? शब्द तेच होते?" दोन्ही होतं. म्हणजे तिचा बाप्तिस्मा पूर्ण होता आणि तो दुसऱ्यांदा देणं चुकीचं ठरलं असतं. तिच्या चर्चचा बाप्तिस्म्याचा दाखला आला, बिशपांची परवानगी मिळाली. माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा मिळावा म्हणून माझ्याकडून होईल ते करीन, असं वचन मी दिलं. तिच्याकडून वचन घेतलं नाही. मी काय कबूल केलं, हे तिला सांगण्यात आलं.

दुसरं ऋण सासऱ्यांचं. ते पाळक होते. "तुमच्याकडे दोनच संस्कार का?" असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी शांतपणे कसोटी सांगितली: ख्रिस्ताने स्वतः दिलेली आज्ञा, तिच्यासोबत डोळ्यांना दिसणारी खूण आणि क्षमेचं वचन. बाप्तिस्म्यात पाणी आहे, प्रभुभोजनात भाकर आणि द्राक्षारस. लूथरने 1520 मध्ये या कसोटीवर सातही संस्कार तपासले. सुरुवातीला त्याने प्रायश्चित्तही धरलं होतं, पण त्याला वेगळी दृश्य खूण नाही म्हणून शेवटी दोनच उरले. विवाह तर ख्रिस्ताच्या आधीपासून सगळ्या लोकांत आहे, मग तो शुभवर्तमानाचा संस्कार कसा, असा त्याचा सवाल होता. ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये उत्तर दिलं: संस्कार सातच, आणि सातही ख्रिस्ताने स्थापलेले.

"तुम्ही मानता ते पाच आम्ही फेकून दिले नाहीत," सासरे म्हणाले. "आम्ही लग्न लावतो, पाळकांना दीक्षा देतो, आजाऱ्यासाठी प्रार्थना करतो. फक्त त्यांना संस्कार म्हणत नाही."

बाईंचा तिसरा प्रश्न आमच्यासाठीच होता की काय, असं वाटतं.

"विवाहसंस्कार कोण देतं?"

फादर नव्हे. आमच्या लॅटिन परंपरेत वधूवर तो एकमेकांना देतात, फादर चर्चच्या वतीने साक्षी असतात. दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असला, तर त्यांचा वैध विवाह संस्कारच होतो. म्हणून कॅथलिक चर्चच्या दृष्टीने माझ्या बायकोने मला एक संस्कार दिला, जो तिच्या चर्चच्या गणतीत संस्कार नाही! सासऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते मनापासून आनंदले.

दुखरी जागाही आहे. भाकर व द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर व रक्त होतात, असं आम्ही मानतो. सासऱ्यांच्या परंपरेत ख्रिस्त तिथे आत्म्याने भेटतो असं मानतात. म्हणून आमचं लग्न मिस्साविना लागलं, आणि आजही रविवारी मी ख्रिस्तशरीर घ्यायला उठतो तेव्हा ती बाकावर बसून राहते. हे अंतर गोड बोलून मिटवू नये, हेही मी बाई आणि सासरे या दोघांकडूनच शिकलो.

आता मी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना विचारतो, "दोन्हीकडे मानलेले संस्कार किती?" मुलं म्हणतात, दोन. मग पुढचा प्रश्न, "त्यातला एकमेकांचा किती मान्य?" एकच, बाप्तिस्मा. स्वतः विश्वास कबूल केल्यावरच तो द्यावा असं मानणारे बॅप्टिस्ट बाळांचा धरत नाहीत, पण माझ्या सासुरवाडीत आणि माझ्या घरात तो धरला जातो. तेवढ्या एकावर आमचं लग्न उभं आहे, आणि तो ओळखायला मला बाईंनी शिकवलं.