पडद्यामागचा चिकटा

तो ठणकत नाही, वाहत नाही, ताप आणत नाही. कानाच्या पडद्यामागच्या चमचाभरही नसलेल्या जागेत गुपचूप बसून राहतो. म्हणून घरात त्याचा संशय कुणाला येत नाही. बोल लावला जातो मुलाला.

माझ्याकडे आलेला साडेचार वर्षांचा मुलगा असाच. पावसाळ्यात तीनदा सर्दी झालेली. आजी म्हणाली, "दहा हाका मारल्या तरी ढिम्म. चॉकलेट म्हटलं की बरोबर ऐकू येतं!" आजी खोटं बोलत नव्हती. जवळून, तोंडाकडे बघत ऐकलेलं त्याला कळत होतं. पाठीमागून आलेलं नाही. स, फ, थ अशी हलकी अक्षरं तर आधीच विरून जातात.

हा चिकटा बाहेरून येत नाही. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे जाणारी नळी लहानपणी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीनं ती सुजते, वाढलेले ॲडेनॉइड तिचं तोंड दाबतात. आत कोंडलेली हवा हळूहळू शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि अस्तरातून पाझरलेलं पाणी साचतं. पुढे ते खळीसारखं दाट होतं. मध्ये अखंड पडदा असल्यामुळे वरून घातलेलं कोमट तेल तिथवर पोचतच नाही. सर्दीच्या औषधांनी किंवा अँटिबायोटिकनंही तो सहसा हलत नाही.

त्या मुलाच्या कानात मऊ बोंडू बसवून हवेचा दाब थोडा कमीजास्त केला. पडदा हलता असला की यंत्र कागदावर टेकडी काढतं. इथे दोन्ही कानांची रेघ सपाट. मग आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा, असा खेळ मांडला. तीस डेसिबलपर्यंत ठोकळा हातातच राहिला. कानांत बोटं घालून शाळेत बसावं, साधारण तसं.

बहुतेक मुलांत हा चिकटा तीन महिन्यांत आपोआप ओसरतो, म्हणून तेवढं थांबून पुन्हा तपासायचं. त्यानंतरही टिकला तर श्रवणचाचणी हवीच. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत राहिलं तर डॉक्टर पडद्यात बारीक नळी, ग्रोमेट, बसवण्याचा विचार करतात. पण बोलणं मागे पडलं असेल, टाळू दुभंगलेली असेल किंवा डाउन सिंड्रोम असेल, तर मी चाचणीसाठी एक दिवसही थांबायला सांगत नाही. आईला किंवा बाईंना शंका आली, तरी तेवढी पुरे. मूल फार लहान आहे म्हणून चाचणी होत नाही, हा समज मात्र मला फार छळतो. तान्ह्या बाळाचीही होते.

तीन महिन्यांनी उजव्या कानाची टेकडी परत आली. डावी रेघ अजून सपाटच. बाईंना चिठ्ठी दिली: पहिल्या बाकावर बसवा, उजवा कान तुमच्याकडे.