हरवलेल्या बिलाचे दोन कागद

बिल हरवलं असेल तर डिक्लेरेशन पुरेसं असतं का, हा प्रश्न माझं टेबल सांभाळायला आलेल्या मुलीनं विचारला आणि मी अडखळलो. सांवेर रोडवरच्या एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये इतकी वर्षं दावे तपासल्यावर हा प्रश्न मला पडायचाच थांबला होता. मी सवयीनं पास करत होतो, सवयीनंच परत पाठवत होतो.

प्रकरण साधं होतं. मशीन बंद पडलं म्हणून मेंटेनन्सच्या माणसानं सियागंजातून बेअरिंग आणलं. किंमत १०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९०० केंद्राचे आणि ९०० राज्याचे. त्यानं ११,८०० रुपये स्वतःच्या खात्यातून यूपीआयनं दिले, कंपनीच्या नावानं पक्कं बिल घेतलं आणि परत येताना ते हरवलं. मुलीनं त्याच्याकडून डिक्लेरेशन घेतलं, यूपीआयची पावती जोडली आणि म्हणाली, "काका, पास करू?"

यूपीआयची पावती पैसे कोणाला गेले एवढंच सांगते, काय घेतलं ते सांगत नाही. ते स्टोअरच्या आवक नोंदीत मिळालं. त्यामुळे माणसाचे ११,८०० त्याला देण्यात माझी हरकत नव्हती. अडलं ते १,८०० रुपयांपाशी. सीजीएसटी कायद्याच्या कलम १६ प्रमाणे कराचं क्रेडिट घ्यायचं तर इनव्हॉइस हातात असावं लागतं. पोर्टलवर जीएसटीआर-२बी मध्ये दुकानदारानं भरलेली ओळ दिसते, पण ती ओळ म्हणजे इनव्हॉइस नव्हे. माणसाचं डिक्लेरेशन कितीही खरं असलं तरी त्यावर क्रेडिट मिळत नाही.

म्हणून दुकानाकडे प्रत मागायची. गाडी बहुतेक वेळा इथेच घसरते. आम्हाला हवी असते त्यांच्या दप्तरातल्या त्याच बिलाची प्रत: तोच नंबर, तीच तारीख, वर 'डुप्लिकेट' असा शिक्का आणि सही. दुकानातल्या माणसाला मात्र नवं बिल काढणं सोपं जातं. आम्हालाही तसंच आलं, आजच्या तारखेचं आणि नव्या नंबरचं. मुलीनं ते २बी शी ताडून पाहिलं; तिथे मागच्या महिन्यातल्या ओळीत वेगळाच नंबर होता. हे नवं बिल दुकानानं विवरणात भरलं असतं, तर एकाच बेअरिंगच्या दोन खरेद्या आमच्या नावावर दिसल्या असत्या. ते रद्द करायला सांगून जुन्याच बिलाची प्रत मागवली. २३ नं सुरू होणारा आमचा पंधरा अक्षरी जीएसटी नंबर तिच्यावर आहे ना, तेही तिनं पाहिलं. मूळ बिलातच तो नसता, तर २बी त ओळ आली नसती आणि कोरी प्रत काढून ते दुरुस्त झालं नसतं. त्यासाठी दुकानदाराला त्याच्या विवरणातच सुधारणा करावी लागते.

प्रत आली, मग डिक्लेरेशन कशाला? मला वर्षानुवर्षं छळणारा प्रश्न हाच आहे. प्रत हातात आली की त्या खर्चाचे दोन कागद जगात असतात, आणि मूळ बिल कधीतरी सापडतंच. जॅकेटच्या खिशात, गाडीच्या डिकीत, दुसऱ्याच फाइलमध्ये. महिन्यांनी ते दुसऱ्या दाव्याला लागतं, बहुतेक वेळा कोणाच्या मनात काही नसताना. म्हणून डिक्लेरेशनमधलं महत्त्वाचं वाक्य 'बिल हरवले' हे नाही. ते आहे: 'या बिलाचा दावा मी इतरत्र केलेला नाही, मूळ सापडल्यास अकाउंट्सकडे जमा करीन आणि त्यावर पुन्हा दावा करणार नाही.' प्रत खर्च सिद्ध करते आणि हे वाक्य दुसऱ्या दाव्याचं दार बंद करतं.

काही कार्यालयं प्रत्येक वेळी स्टॅम्प पेपरवर नोटरी करून मागतात. त्याला मी कडकपणा मानत नाही. कोणी नोंदवही उघडून बघत नसेल, तर नोटरीचा शिक्काही दुसरा दावा अडवत नाही.

माझा एक अभिमान कबूल करतो. डिक्लेरेशन वाचलं की माणूस खरं बोलतोय की नाही ते कळतं, असं मी मानत आलो, आणि विभागातले लोक शंकेचा कागद माझ्यापुढे आणून ठेवत तेव्हा मला फार बरं वाटे. मुलीला या कौशल्याचं अप्रूप नाही. ती अक्षराकडे बघतही नाही. तिनं दाव्यांच्या शीटमध्ये बिल नंबरचा वेगळा रकाना काढला, हरवलेल्या बिलांच्या नोंदी पिवळ्या केल्या, आणि ज्यांचा नंबर सापडत नाही, अशा पेट्रोल पंपाच्या पुसट झालेल्या पावत्या दुकान, तारीख आणि रकमेवरून शोधता येतील अशी सोय केली.

बेअरिंगचं मूळ बिल पुढे दुसऱ्या एका दाव्याला टाचलेलं आलंच. शोध घेताच पिवळी ओळ पुढे आली. मला माझी नजर हवी होती, तिला शीट पुरली, आणि ते मला लागलं. तिनं बिलावर आडवं 'प्रतीवर दावा मंजूर' लिहिलं, ते डिक्लेरेशनच्या मागे लावलं आणि त्या दाव्यातून ११,८०० कमी करून उरलेली रक्कम पास केली.